दिवाळीच्या ऑर्डरी कधी थांबवायच्या? लेडीज टेलरच्या दुकानासाठी तयारीची यादी

ही यादी दसऱ्याच्या आधी हाताशी ठेवायची, कारण तिथीने मोजलं तर दसऱ्यापासून वसुबारस सतराव्या दिवशी येते आणि तोवर बहुतेकींना ब्लाउज हातात हवा असतो. उदाहरणाला सांगलीतल्या हरभट रोडच्या आसपास असेल तसं एक दुकान घेऊ: कटिंगला स्वतः मालक, मशीनवर दोन कारागीर आणि हुक-तुरपाई घरी नेऊन करणाऱ्या एक काकू.

आधी घड्याळ लावून वेळ मोजा. एकाच ब्लाउजवर जाऊ नका, सलग तीन-चार नगांची सरासरी काढा आणि दोरा बदलणं, बॉबिन भरणं, मधली इस्त्री हे सगळं त्यातच धरा. मशीनचा वेळ वेगळा लिहा, हातकामाचा वेगळा. आपल्या दुकानात अस्तराच्या ब्लाउजला मशीनवर १०० मिनिटं आणि हातावर ४० मिनिटं लागतात असं धरू. साधे ब्लाउज आणि ड्रेस मिसळून येणाऱ्या ऑर्डरीची सरासरी निघाली मशीनवर १०२, हातावर ३४.

मग दिवस मोजा. दसऱ्याचा दुसरा दिवस ते वसुबारसेचा आदला दिवस म्हणजे १६ दिवस. सुट्टीचे दोन वार गेले. शेवटचे तीन दिवस ट्रायल, उसवाउसवी आणि वीज गेली तर म्हणून मोकळे सोडायचे. इथे बरेच जण हात आखडता घेतात, पण काखेत घट्ट झालेला ब्लाउज दिवाळीच्या तोंडावरच परत येतो. उरले ११ दिवस. कारागीर दहा तास दुकानात असला तरी मशीन खरं चालतं साडेसहा तास, म्हणजे दोघांचे मिळून रोज १३. काकूंना घरचं आवरून साडेतीन तास मिळतात.

आता दसऱ्याच्या संध्याकाळी वही उघडा. समजा, अस्तराचे ३४ ब्लाउज शिवायचे बाकी आहेत. काकूंकडे ११ दिवसांत २३१० मिनिटं आहेत, त्यातली १३६० या जुन्या ब्लाउजांनी खाल्ली. राहिली ९५०, म्हणजे नवे नग २८. रोज सातेक ऑर्डरी येत असतील तर चार दिवसांत, कोजागिरीच्या आदल्या दिवशीच, वही भरली. गंमत म्हणजे मशीनचे तेव्हाही ३८ तास शिल्लक असतात. दोन मशीन आहेत, शिवून होईल सगळं, असं म्हणणारं दुकान अडतं ते हुकांपाशी.

म्हणून तिसरा कारागीर शोधण्याआधी रोज तीन तास हातकाम करणाऱ्या आणखी एका ताई ठरवा आणि त्यांचं काम दसऱ्याआधीच दोन ब्लाउज देऊन बघून घ्या. त्या आल्या की हाताकडे वेळ उरतो आणि अडचण मशीनवर सरकते: नवे नग २८ वरून ५० होतात, त्याहून जास्त नाही. ऑर्डर बंद करायची तारीख कोजागिरीनंतर दोन दिवसांवर जाते. कटिंगचा हिशोबही याच रीतीने एकदा तपासा. मालक गिऱ्हाईकाशी बोलण्यात अडकला की तिथेही गाडी थांबते.

तारीख ठरली की काउंटरवर ठळक लिहून लावा, पण वहीत नग मोजू नका, मिनिटं वजा करत जा. दहा साधे ब्लाउज आणि दहा अस्तराचे यांत मशीनवरच कितीतरी तासांचा फरक पडतो. सगळ्यात फसवा असतो साडीचा फॉल. ‘फॉल-पिको पण करून द्या हो भाऊ’ म्हणून सहज घेतला जातो आणि ब्लाउजाच्या हुकांचा वेळ तोच खातो. वेळ कमी पडायला लागला की आधी फॉल घेणं थांबवा. शिवाय ब्लाउजपीस, अस्तर आणि मापाचा ब्लाउज तिन्ही दुकानात आल्याशिवाय ऑर्डर वहीत चढवू नका. ‘अस्तर उद्या आणते’ म्हणणारीचा नंबर अस्तर आल्यावरच. सुती अस्तर पाण्यातून काढून वाळवायलाही वेळ जातो, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शिवण ओढली जाते.

रोज दुकान बंद करताना तारेवर टांगलेले बिनहुकाचे ब्लाउज मोजा. काकूंचं हातकाम दिवसाला साधारण सहा नगांचं. तारेवर बाराच्या वर गेले तर कारागिरांना त्या दिवशी रात्री बसवून उपयोग नाही, ढीगच वाढेल. त्यापेक्षा एका कारागिराला दुपारी दोन तास हुक लावायला बसवा, आणि तरीही ढीग उतरत नसेल तर पाटीवरची तारीख दोन दिवस अलीकडे घ्या. नेहमीच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तिच्यासाठी चार-पाच नगांची जागा सुरुवातीलाच वेगळी ठेवा. ती भरल्यावर मात्र तिलाही तुळशीच्या लग्नानंतरचीच तारीख द्या.