इनडायरेक्ट दिलास ना, मग हात खाली घेऊ नको

फुटबॉल रेफरीच्या लायसन्सची परीक्षा झाली म्हणजे नियम तुला पाठ असणार, ते परत सांगत नाही. मैदानात काय घोळ होतो ते सांगतो, कारण माझा झालाय आणि अजून आठवला की पोटात ढवळतं.

शाळांची मॅच होती, चौदा वर्षाखालची. १-१, शेवटची सहा मिनिटं. बॅकने मुद्दाम पायाने गोलकीपरकडे बॉल मागे दिला आणि त्याने हाताने उचलला. मी शिट्टी मारली, इनडायरेक्ट फ्री किक, इथपर्यंत सगळं बरोबर. जागा गोलपासून आठेक मीटरवर. आता ९.१५ मीटर मागे जायचं तर पोरं गोललाईनच्या पलीकडे जातील, म्हणून नियमाने ती दोन पोस्टच्या मधे लाईनवरच उभी राहू शकतात. सगळी टीम तिथे कोंबली. मी एकदा हात वर केला, मग पोरं पुढे सरकायला लागली म्हणून दोन्ही हातांनी त्यांना मागे ढकलत बसलो, तोंडाने मात्र "इनडायरेक्ट आहे रे, इनडायरेक्ट" ओरडत होतो. शिट्टी दिली. पोराने सरळ मारला, कुणालाच न लागता बॉल जाळ्यात.

मी गोल किक दिली. मला वाटलं डायरेक्ट गेला म्हणजे गोल नाही, विषय संपला. तर किक मारणाऱ्या टीमचा कॅप्टन शांतपणे म्हणतो, "सर, तुमचा हात कुठं वर होता?" पोरगं बरोबर होतं! रेफरीने इनडायरेक्टचा सिग्नल दिलाच नसेल आणि बॉल थेट गोलात गेला, तर किक परत घ्यायची असते. हात वर असता तर माझी गोल किक बरोबर होती. तोंडाने सांगितलेलं सिग्नल धरत नाहीत, आणि त्या गोंगाटात ते ऐकलं तरी कुणी?

तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी बॉल जागेवर, मग वॉल, मग मी माझ्या जागेवर, मग हात सरळ डोक्यावर, आणि हात वर असतानाच शिट्टी. शिट्टी दुसऱ्या हातात धर, बोटात अडकवायची मिळते ती घे, म्हणजे सिग्नलचा हात मोकळा राहतो. किक मारली म्हणून हात लगेच पाडू नको. बॉल दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला लागेपर्यंत, किंवा बाहेर जाईपर्यंत, वरच ठेव (आता थेट गोल होणं शक्यच नाही असं स्पष्ट दिसलं तर खाली घेतलास तरी चालतं). कीपरच्या हाताला लागून आत गेला तर गोल, आणि तू हात खाली घेतलास की पोरांनाही कळतं की लागला. हात दुखतो, दुखू दे.

डायरेक्टला हात खांद्याच्या उंचीवर, ज्यांना किक मिळाली ते ज्या बाजूला अटॅक करतायत तिकडे. एवढंच.

आता शिट्टी. सूर कुठला ते नियमात ठरवून दिलेलं नाही, पण खेळाडू कानाने वाचतात. साध्या फाऊलला छोटी, तुटक. जोरदार टॅकल किंवा पेनल्टी असेल तर लांब आणि कडक, आणि लगेच स्पॉटकडे बोट. थ्रो-इन, कॉर्नर, गोल किक स्पष्ट दिसत असेल तर शिट्टी नकोच, हात पुरे. माझे एक सिनियर म्हणायचे "कॉन्फिडन्सने फुंक, बाकी सगळं आपोआप". मला हे अर्धवट वाटतं. मी पहिल्या मॅचला प्रत्येक थ्रो-इनला पूर्ण फुफ्फुस लावून फुंकलो आणि खरी कडक शिट्टी मारली तेव्हा कुणी वळून बघितलं नाही. आणि रील बघून हातवारे शिकू नका राव, तिथे कॅमेऱ्यासाठी केलेले असतात.

अजून एक जागा जिथे भांडणं होतात. वॉल मागे घ्यायला तू मधे पडलास की ती किक आता शिट्टीवरच. मारणाऱ्याकडे बघून शिट्टी उंच धर, तिच्याकडे बोट दाखव, "शिट्टीवर". हे विसरलास तर तो तू पाठमोरा असताना मारून मोकळा होतो आणि दोन्ही टीम तुझ्यावर.

अॅडव्हान्टेजला एक किंवा दोन्ही हात पुढे झोकून "खेळा!". दोन-तीन सेकंदात फायदा दिसलाच नाही तर मागे येऊन मूळ फाऊल दे, त्यात लाजायचं काही नाही. पहिल्या पाच-सहा मॅचला माझी शिट्टी अॅडव्हान्टेजच्या आधीच वाजायची, तुझीही वाजेल.

त्या दिवशी मॅच १-१ च सुटली. कॅप्टन जाताना हात मिळवून गेला. वर काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.