काळं पडलेलं नख उपटू नका

पोलीस भरतीसाठी परभणीत पहाटे पळणारा माझा भाचा. एका रविवारी 15 किलोमीटर पळून आला आणि संध्याकाळी अंगठ्याचं नख जांभळं-काळं. बूट बोटभर आखूड होता. प्रत्येक पावलाला नख पुढे आपटून खाली रक्त साकळलं होतं.

दुखत नसेल तर काहीच करायचं नाही. त्याचं मात्र ठणकत होतं, रात्री पांघरूणही सोसेना. असं असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडे जावं. ते नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि ठणका लगेच उतरतो. उशीर झाला की रक्त गोठतं, मग छिद्राचा उपयोग नाही. घरी सुई तापवून हा उद्योग करू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही.

सैल झालेलं नख ओढू नका, टोक कापून चिकटपट्टी लावा. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे नवं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं. दोन महिन्यांनी भाच्याच्या नखाच्या मुळाशी स्वच्छ पट्टी दिसली, डाग पुढे सरकला होता. डाग असा सरकला नाही, मार न लागता उमटला किंवा काळेपणा कातडीवर पसरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो कर्करोग असतो.

नवा बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या. पुढे अंगठाभर जागा हवी.