कंपनीचे घर, कंपनीची गाडी आणि फॉर्म १२बीए : या चुका टाळा

दर जुलैमध्ये लोटे-परशुरामच्या कारखान्यांतले अधिकारी फॉर्म १६ घेऊन येतात आणि "फक्त रिटर्न भरून द्या, बाकी कंपनीने केलेलेच आहे" असे सांगतात. मी मात्र फॉर्म १६ बाजूला ठेवून आधी फॉर्म १२बीए मागतो, कारण घर, गाडी आणि इतर सुविधांची किंमत कंपनीने किती धरली ते त्यातच ओळीने लिहिलेले असते. हा कागद मिळालाच नाही असे निम्मे लोक सांगतात, आणि तो मागायचा असतो हेही त्यांना ठाऊक नसते. पुढचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत; १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या वर्षासाठी नवे नियमच पाहावेत.

सर्वांत जास्त पैसे बुडवणारी चूक घराची आहे. कंपनीच्या मालकीचे घर असेल तर त्याचे करपात्र मूल्य पगाराच्या टक्केवारीने ठरते, आणि ती टक्केवारी घर ज्या गावात आहे त्याच्या २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येवर अवलंबून असते: ४० लाखांवरच्या शहरात १० टक्के, १५ ते ४० लाखांपर्यंत साडेसात टक्के आणि इतरत्र ५ टक्के. रत्नागिरी शहर त्या जनगणनेत एक लाखाच्याही आत होते, त्यामुळे लोटे, खेड, चिपळूण यांचा प्रश्नच येत नाही. तरीही मुख्य कार्यालय मुंबईत असले की वेतनपत्रक तिथेच बनते आणि सगळ्यांना सरसकट १० टक्के लागतात.

असाच एक अधिकारी माझ्याकडे आला होता. या हिशेबासाठीचा त्याचा वार्षिक पगार १८,००,००० रुपये होता. (मूळ पगार, सेवानिवृत्तीच्या लाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता, बोनस आणि करपात्र भत्ते यात येतात, कंपनीने भरलेला भविष्य निर्वाह निधी येत नाही.) घर कंपनीच्या वसाहतीतले, आतल्या फर्निचरची आणि एसीची मूळ किंमत २,००,००० रुपये, आणि पगारातून वर्षाला २४,००० रुपये भाडे कापले जात होते. बरोबर हिशेब असा: ५ टक्क्यांनी ९०,००० रुपये, त्यात फर्निचरच्या मूळ किमतीचे १० टक्के म्हणजे २०,००० मिळवायचे आणि भाडे वजा करायचे, म्हणजे ८६,००० रुपये. फॉर्म १२बीएमध्ये मात्र १,७६,००० रुपये होते. नव्या करप्रणालीत तो २० टक्क्यांच्या टप्प्यात होता, म्हणून ९०,००० रुपयांच्या फरकावर उपकरासह १८,७२० रुपये जादा कर कापला गेला होता.

कंपनीच्या माणसाचे उत्तर ठरलेले होते: "सिस्टीमच तसे घेते." अशा वेळी घाईची माणसे रिटर्नमध्ये स्वतःच आकडा बदलून मोकळी होतात, मग फॉर्म १६ शी मेळ बसत नाही आणि खुलाशाची नोटीस येते. मी आधी घराचा पत्ता आणि मालकी लिहून कंपनीला पत्र द्यायला लावतो, टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घेतो आणि सुधारित फॉर्म १६ आल्यावरच रिटर्न भरतो. याला थोडे दिवस जातात, पण परतावा बिनबोभाट मिळतो.

आता ५ टक्के कळले म्हणून नवशिके ते सगळीकडे लावतात. घर कंपनीने भाड्याने घेतलेले असेल तर गावाची लोकसंख्या पाहायचीच नसते. प्रत्यक्ष भाडे किंवा पगाराचे १० टक्के, यांतली कमी रक्कम धरायची. वरच्याच अधिकाऱ्यासाठी कंपनीने चिपळुणात महिना १२,००० रुपयांचा फ्लॅट घेतला असता तर १,४४,००० रुपये धरावे लागले असते, ९०,००० नव्हे. म्हणून टक्केवारीला हात लावण्यापूर्वी मी घराचा करारनामा मागतो.

गाडीच्या बाबतीत चूक उलट्या बाजूची असते. कंपनीची गाडी कामासाठी आणि घरच्यासाठीही वापरली आणि खर्च कंपनीने केला, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० आणि त्याहून मोठ्याला २,४०० रुपये धरतात. चालक दिला असेल तर आणखी ९००. घर ते कारखाना हा प्रवास करपात्र नसतो, पण त्यामुळे "गाडी फक्त कामासाठी" असे लिहून शून्य दाखवता येत नाही. त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्चाच्या नोंदींचे लॉगबुक आणि कंपनीचे प्रमाणपत्र लागते. मार्चअखेरीस एकाच पेनाने एका बैठकीत भरलेले लॉगबुक मी परत पाठवतो, कारण गणपतीच्या सुट्टीतही त्यात रोज कारखान्याची फेरी लिहिलेली असते.

गाडीपोटी पगारातून रक्कम कापली जाते म्हणून ती या ठरीव आकड्यातून वजा करू नये. मिश्र वापरात ती वजावट मिळत नाही.

सणाला मिळालेली वस्तू किंवा व्हाउचर वर्षभरात मिळून ५,००० रुपयांच्या आत असेल तर करमुक्त असते. पाकिटातली रोख रक्कम मात्र पूर्ण करपात्र असते.