चिखलात पाय अडकून गुडघा मुरगळला तर: पहिले तीन दिवस, पट्टी आणि स्कॅनचा प्रश्न

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैत भाताची रोपलावण सुरू झाली की गुडघ्याच्या तक्रारी ठरलेल्याच. पाऊल चिखलात घट्ट रुतलेलं असतं, मागून कुणीतरी हाक मारतं, बाई कमरेतून वळते. पाऊल जागचं हलत नाही, मग वळतो तो गुडघा. कबड्डीत चढाई करणाऱ्या पोराचा पाय बचावपटूंनी धरला आणि त्याने अंग फिरवलं, तरी प्रकार तोच. आमच्या संघातल्या पोरांचे गुडघे बांधता बांधता माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे ‘कोंड्याचा कडक शेक द्या, दोन दिवसांत पळायला लागेल’ असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं.

आधी घड्याळ बघा

लचक नेमकी कधी बसली आणि सूज कधी दिसली, एवढं लिहून ठेवा. डॉक्टर हेच सगळ्यात आधी विचारतात आणि नेमकं हेच कुणाला आठवत नाही. दोन-चार तासांच्या आत गुडघा फुगला तर आत बहुतेक रक्त साचलेलं असतं. अशा वेळी आतला मुख्य अस्थिबंध तुटलेला असू शकतो, वाटी सरकलेली असू शकते किंवा हाडाला तडा गेलेला असू शकतो. त्यातच लचकताना ‘कट्’ असा आवाज आला असेल, तर घरगुती उपचारात दिवस घालवू नका, हाडाच्या डॉक्टरांकडे चला. सूज रात्रीतून हळूहळू चढली असेल, तर ते बहुधा सांध्यातलं पाणी असतं. गादीला म्हणजे कूर्चेला इजा झाली किंवा अस्थिबंध नुसता ताणला गेला, तर बरेचदा असं होतं, आणि तेव्हा थोडी सवड मिळते.

गुडघा वेडावाकडा दिसतोय, पाऊल गार किंवा निळसर पडलंय, बोटं बधिर झालीत, असं असेल तर मात्र काहीही न बांधता 108 ला फोन करा. पायाची रक्तवाहिनी दबली असेल तर हातात तासच असतात.

एक्स-रे हवा की नको

यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी ठरवलेले ओटावा नियम जगभर वापरतात, आणि ते घरीसुद्धा पडताळता येतात. वय 55 किंवा त्याहून जास्त आहे. फक्त वाटीच्या हाडावर दाबल्यावर दुखतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर दुखतं. गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही. किंवा लचकल्यावर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नाहीत. यातलं एक जरी लागू पडलं तरी एक्स-रे काढा. लंगडत का होईना, चार पावलं पडली तर ती पडली असं धरायचं. नियम मोठ्या माणसांसाठी आहेत. लहान पोराच्या बाबतीत स्वतः ठरवू नका. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. गादी किंवा अस्थिबंध त्यात दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ हे अर्धंच खरं.

विश्रांती आणि बर्फ

दोन-तीन दिवस शेतात जायचं नाही, जिने चढायचे नाहीत, उकिडवं बसायचं नाही. पण चोवीस तास खाटेवर पडून राहण्याचीही गरज नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी 1978 साली गॅबे मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केली, आणि पूर्ण विश्रांती व बर्फाच्या अतिरेकाबद्दल पुढे त्यांनीच माघार घेतली. तेव्हा बर्फ हा ठणका कमी करायला, इलाज म्हणून नव्हे. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि थोडं पाणी घाला, ओल्या पंच्यात गुंडाळा, 15 ते 20 मिनिटं ठेवा, आणि पहिले दोन-तीन दिवस दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.

पट्टी: इथेच सगळे चुकतात

क्रेप बँडेज बांधणं दिसतं तेवढं सोपं नाही. मला ते नीट जमायला खूप वेळ लागला, कारण मेडिकलवाला पट्टी देतो, बांधायची कशी ते सांगत नाही.

पहिली गोष्ट रुंदीची. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला 15 सेंटिमीटरची पट्टी घ्या. 10 सेंटिमीटरची तासाभरात दोरीसारखी गोळा होते आणि गुडघ्यामागच्या खळग्यात रुतते. पहिल्या दिवशी तयार नी-कॅप तर नकोच. फुगलेल्या गुडघ्यावर ती ओढताना माणूस किंचाळतो, आणि सूज उतरली की तीच ढिली पडते.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लोक वाटीवर चार वेढे घट्ट मारतात आणि झालं म्हणतात. पण सांध्याची पिशवी वाटीपाशी संपत नाही, वाटीच्या वर साधारण चार बोटं मांडीत जाते. सूज खरी तिथे साठते. चांगल्या गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना छोटे खळगे दिसतात. सुजलेल्यात ते भरून जातात आणि वाटीच्या वरची जागा पावासारखी फुगते. फक्त वाटी आवळली तर पाणी वर ढकललं जातं, खाली पोटरी आणि पाऊल सुजतं. संध्याकाळी माणूस ‘पट्टीमुळंच वाढलं’ म्हणतो, आणि खरंच तसं झालेलं असतं.

म्हणून असं बांधा. माणसाला खुर्चीवर बसवून टाच स्टुलावर ठेवा, गुडघा अगदी किंचित वाकलेला. पट्टीची गुंडाळी पायाला चिकटूनच फिरवायची, हवेत ओढून धरायची नाही. वाटीच्या खाली एक वीतभर, नडगीवरून दोन वेढे घ्या. मग प्रत्येक वेढ्याने मागच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकत वर चला. गुडघ्यापाशी आल्यावर वेढे तिरपे घ्या, एक वाटीच्या खालून आणि एक वरून, मागे एकमेकांना छेद देत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. मग मांडीवर वाटीपासून वीतभर वर जाऊन थांबा. पट्टी ताणेल त्याच्या निम्माच ताण द्या, खाली जरा घट्ट, वर थोडा सैल. वरचं टोक जास्त आवळलं तर खालचं रक्त वर यायला अडतं. टोक चिकटपट्टीने बसवा. सोबत येणारे धातूचे आकडे टोचतात आणि अंथरुणात सुटतात.

बांधून झाल्यावर पट्टीखाली एक बोट सरकलं पाहिजे. मग अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, ठणका वाढला तर रात्रीचे बारा वाजले असले तरी पट्टी सोडा. चार-पाच तासांत ती ढिली होतेच, पुन्हा बांधा. झोपताना काढून ठेवा. मधुमेहामुळे पायाला स्पर्श नीट कळत नसेल किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी नको.

पाय उंच ठेवताना उशी गुडघ्याखाली नाही, टाच आणि पोटरीखाली द्या. गुडघ्याखालची उशी सुखाची वाटते, पण चार दिवसांत गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. दुसऱ्या दिवसापासून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे टाळलं की मांडी बघता बघता वाळते.

तेल चोळणं, गरम शेक आणि ‘ओढून बसवणं’ हे तिन्ही पहिले तीन दिवस बंद. आतून रक्त झिरपत असेल तर ते वाढतं. थंड आंबेहळदीचा लेप हौसेने लावायचा तर लावा, पण चोळू नका आणि त्यावर पट्टी आवळू नका, कातडी सोलते. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर मेडिकलमधली दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गुडघा सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एका काकूंचं काय झालं

आमच्या गल्लीतल्या, पन्नाशीच्या आतल्या काकू. दुपारी शेतात पाय अडकून गुडघा मुरगळला, तरी ओळ पुरी करून चालत घरी आल्या. रात्री आखडला, सकाळी खळगे भरलेले. चार पावलं पडत होती, गुडघा काटकोनापर्यंत वाकत होता, हाडावर कुठे दुखत नव्हतं, म्हणून एक्स-रेची घाई केली नाही. बर्फ, पट्टी, पाय वर. तिसऱ्या दिवशी सूज निम्मी झाली आणि जावेला ‘झालं बरं’ म्हणून त्या चुलीपुढं बसायला लागल्या. आठवड्याने पाट्यावरून उठताना गुडघा वाकलेल्या स्थितीतच अडला, सरळ होईना. सूज किंवा दुखण्यापेक्षा हे लक्षण मोठं. फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकला की असंच होतं. बेळगावला हाडाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं, एक्स-रे काढून हाड ठीक असल्याची खात्री केली आणि एमआरआय सांगितला. आतल्या बाजूची गादी फाटून उलटली होती, दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली.

एमआरआय कधी, कधी नाही

लचकल्याच्या दुसऱ्याच दिवशी एमआरआय करा म्हणून हट्ट धरू नका. सुजलेला गुडघा डॉक्टरांना हाताने नीट तपासताच येत नाही, म्हणून बरेचदा पाच-सात दिवसांनी पुन्हा बोलावतात, आणि ती तपासणी चुकवायची नाही. गुडघा अडकत असेल, चालताना ‘सुटल्यासारखा’ होत असेल, पाय ताठ ठेवून खाटेवरून उचलता येत नसेल किंवा दोन आठवड्यांनीही सूज हटत नसेल, तर एमआरआयला अर्थ आहे. यातलं अडकणं आणि पाय न उचलता येणं दिसलं तर पाच-सात दिवस थांबू नका, लगेच दाखवा. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांच्याही एमआरआयमध्ये गादी फाटलेली बरेचदा दिसते, त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून शस्त्रक्रियेला हो म्हणू नका. डॉक्टरांनी हाताने तपासलेलं आणि रिपोर्ट जुळतात का, ते त्यांनाच विचारा.

गुडघा लाल होऊन तापला आणि अंगात ताप असेल तर सांध्यात जंतूंची लागण असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी एका बाजूची फुगून दुखायला लागली तर तेही त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर थेट 108.

जाताना एक्स-रेची फिल्म, चालू गोळ्या आणि तो घड्याळाचा कागद सोबत घ्या. आणि कपडे असे घाला की गुडघ्याच्या वर सहज सरकतील. तपासणीच्या टेबलावर दोन्ही गुडघे शेजारी शेजारी दिसावे लागतात, आणि घट्ट पॅन्टमुळे अर्धी तपासणी राहून जाते.