निम्म्या वाट्याच्या शेतीत कुळाचा दावा कसा टाळला: माझा अनुभव

निम्म्या वाट्याने दिलेल्या माझ्या शेतावर दुसऱ्या वर्षी वाटेकरी कूळहक्काची भाषा करू लागला. अकरा महिन्यांचा करार आणि ‘कूळहक्क नाही’ असा स्टॅम्प पेपर दोन्ही निरुपयोगी ठरले, आणि त्याचा मनस्ताप झाला. महाराष्ट्राच्या १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ४ प्रत्यक्ष कसणूक पाहते. त्यातील नोकराची सूट रोख किंवा धान्याच्या मजुरीला आहे, पिकाच्या वाट्याला नाही.

म्हणून प्रथम त्याच्याशी तहसीलदारांपुढे रीतसर निकाल लावून घेतला, कारण झालेला हक्क खासगी कागदाने सुटत नाही. नंतर नव्या माणसाशी वाट्याऐवजी ठरावीक सहा क्विंटल ज्वारीची मजुरी ठरवली, मग पीक कितीही येवो. बियाणे-खत माझ्या पावतीवर घेतले, ई-पीक पाहणी माझ्याच नावाने नोंदवली आणि देखरेखीला स्वतः जात राहिलो. देखरेख केवळ कागदावर असेल, तर ही मांडणी टिकत नाही.