एकपानी समरी: मार्केट साइझ खाली, हिशोब वर

आमच्या सुक्या कांद्याच्या युनिटचा प्लॅन जाडजूड, आणि त्याची एकपानी समरी देशाच्या मार्केट साइझने सुरू व्हायची, इन्व्हेस्टर पुढे वाचतच नव्हते. मग पहिल्या ओळीतच टाकलं, मसालेवाले दर महिन्याला परत माल घेतायत, दुसऱ्या ड्रायरसाठी 60 लाख हवेत. खाली एका किलोचा हिशोब: 9 किलो कांदा 15 रुपयांनी म्हणजे 135, वाळवणी-पॅकिंग 45, विक्री 230, हातात 50. कांदा 25 वर गेला की किलोमागे 40 तोटा, हेही तिथंच लिहिलं कारण हा प्रश्न पहिला येणारच, आणि उपाय पण दिला, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा स्वस्त असतानाच वर्षाचा माल वाळवून ठेवायचा. त्यासाठीचं खेळतं भांडवल कुठून येणार, ते मात्र 'पान 14 बघा' एवढंच. नंतर फोन आला तो थेट पान 14 वरच बोलायला.