या चुका टाळा: फंड विकला, पण नफा गेला कुठे?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांचे हिशेब मार्चनंतर उघडले की एक प्रकार हमखास सापडतो: गुंतवणुकीच्या खात्याला क्रेडिट शिल्लक. मालमत्ता आणि तीही उणे!

हळदीच्या एका पेढीचं उदाहरण घ्या. मालकाने इक्विटी फंडात ४,००,००० रुपये गुंतवले. वर्ष उलटल्यावर निम्मी युनिट्स २,६०,००० ला विकली. हिशेबनीसाने बँक डेबिट, फंड क्रेडिट केलं आणि मोकळा झाला. खात्यात उरले १,४०,०००, पण हातातल्या युनिट्सची खरेदी होती २,००,०००. पुढच्या वर्षी तीही २,५०,००० ला विकली आणि खातं १,१०,००० ने उणे झालं. हा आकडा म्हणजेच दोन वर्षांत न दाखवलेला नफा, ६०,००० आणि ५०,०००. तो सस्पेन्सला ढकलून ताळेबंद जुळवणारेही आहेत. त्यांना हिशेब नको असतो, घरी जायची घाई असते.

पहिल्या विक्रीची एन्ट्री अशी हवी: बँक डेबिट २,६०,०००, फंड क्रेडिट २,००,०००, म्हणजे फक्त खरेदी किंमत, उरलेले ६०,००० गुंतवणूक विक्री नफा या वेगळ्या लेजरला क्रेडिट. टॅलीत हा लेजर `Indirect Incomes` खाली ठेवा. हळदीच्या विक्रीत मिसळलात तर धंद्याचा ढोबळ नफा फुगतो. कराच्या गणनेत ही रक्कम धंद्याच्या नफ्यातून वजा करून भांडवली नफ्याखाली न्यायची. तोटा असेल तर उलट, आधी मिळवून घ्यायचा. एन्ट्री झाली की लेजरची शिल्लक उरलेल्या युनिट्सनी भागून पाहावी. सरासरी खरेदी दर आला नाही तर पुढे जाऊच नये.

एसआयपी असेल तर पुस्तकातली किंमत सरासरीने काढतात आणि करासाठी आधी घेतलेली युनिट्स आधी विकली असं धरतात. दोन नफे वेगळे येणारच, ओढूनताणून जुळवू नका.

दुसरा घोळ ‘लाँग टर्म’चा. करासाठी इक्विटी फंड १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की लाँग टर्म. हिशेबात मात्र एएस १३ हे गुंतवणुकीचं लेखामानक खरेदीच्या वेळचा इरादा विचारतं. सहज विकता येणारी आणि वर्षाच्या आत विकायची म्हणून घेतलेली गुंतवणूक करंट, बाकीची लाँग टर्म. करंट असेल तर ३१ मार्चला खरेदी किंमत आणि बाजारभाव यांतली कमी रक्कम धरायची. लाँग टर्म खरेदी किमतीलाच राहते. घसरण तात्पुरती नसेल तरच कमी करायची. खरेदीपेक्षा एनएव्ही वर गेली म्हणून उत्पन्न क्रेडिट करणं दोन्हीकडे चूक. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांचे नियम वेगळे, पण यार्डातल्या पेढीला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

आणि स्विच. एका योजनेतून दुसरीत गेलेले पैसे बँकेत दिसत नाहीत, म्हणून बँक स्टेटमेंटवरून हिशेब लिहिणाऱ्यांकडून ते सुटतात. पण तीही विक्रीच असते आणि नफा त्याच दिवशी धरावा लागतो.